रात्रीची गोळी सगळ्यांसाठी नाही

रक्तदाबाची गोळी सकाळऐवजी रात्री झोपताना घेतली तर हृदयाचे जास्त रक्षण होते, हा सल्ला २०१९ नंतर झपाट्याने पसरला. दवाखान्यांतून तो दिला गेला, वर्तमानपत्रांच्या आरोग्यपानांवर छापला गेला, आणि अनेक घरांत जेवणानंतरच्या डबीत सकाळची गोळी रात्रीच्या कप्प्यात गेली. ज्याला फक्त रक्तदाब आहे अशा माणसाचे त्यात फारसे बिघडले नाही. पण ज्याला रक्तदाबही आहे आणि काचबिंदूही आहे, त्याच्यासाठी हा सल्ला चुकीचा आहे. डोळ्याच्या नसेची अवस्था आणि रात्रीचा रक्तदाब न पाहता तो देणे हा वैद्यकीय निष्काळजीपणा आहे, असे माझे म्हणणे आहे. या म्हणण्याला कोणते पुरावे आहेत, ते कुठे तोकडे पडतात आणि विरोधी बाजूचे आक्षेप कितपत खरे आहेत, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

काचबिंदू म्हणजे डोळ्यातला दाब वाढणे, ही समजूत आधी बाजूला ठेवावी लागते. काचबिंदू हा डोळ्यामागच्या नसेचा आजार आहे. या नसेत दहा लाखांच्या आसपास तंतू असतात. ते डोळ्याच्या मागच्या भिंतीतल्या एका चाळणीसारख्या पडद्यातून बाहेर पडतात आणि तिथेच ते मरतात. डोळ्यातला वाढलेला दाब हे त्याचे मोठे कारण आहे, पण एकमेव नाही. जपानमधल्या ताजिमी शहरात झालेल्या पाहणीत, उघड्या कोनाच्या काचबिंदूच्या दर १०० रुग्णांपैकी ९२ जणांचा डोळ्यातला दाब २१ किंवा त्याहून कमी, म्हणजे ‘नॉर्मल’ समजल्या जाणाऱ्या मर्यादेत होता. दाब नॉर्मल असलेल्या काचबिंदूवर अमेरिकेच्या पुढाकाराने एक मोठी चाचणी झाली. १९९८ साली आलेल्या तिच्या निष्कर्षांनी दाखवले, की दाब आणखी ३० टक्के उतरवला तर आजार पुढे सरकण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर येते. दाब उतरवणे हा आजही काचबिंदूचा पाया असलेला उपचार का आहे, ते यावरून कळते. पण त्याच आकड्याची दुसरी बाजू क्वचितच वाचली जाते. दाब एवढा उतरवूनही १२ टक्के रुग्णांची नस झिजतच राहिली. त्यांच्या बाबतीत आणखी काहीतरी घडत होते.

त्या ‘आणखी काहीतरी’पैकी एक गोष्ट म्हणजे नसेला होणारा रक्तपुरवठा. डोळ्यात रक्त शिरायचे तर त्याला डोळ्यातल्या दाबावर मात करावी लागते. इमारतीच्या टाकीतले पाणी कमी झाले की सगळ्यात आधी वरच्या मजल्यावरचा नळ बारीक होतो, खाली मात्र कोणाला काही कळत नाही. नसेच्या तोंडाशी असलेल्या बारीक रक्तवाहिन्यांची गत अशीच असते. म्हणून नेत्रतज्ज्ञ एक साधी वजाबाकी करतात: रक्तदाबाचा खालचा आकडा, म्हणजे डायस्टोलिक, त्यातून डोळ्यातला दाब वजा. उरते ती नसेला रक्त पोचवणारी ताकद. खालचाच आकडा घेण्याचे कारण असे, की हृदय दोन ठोक्यांच्या मध्ये विसावते तेव्हाही नसेला रक्त मिळत राहायला हवे, आणि तो विसाव्याचा काळ ठोक्यापेक्षा लांब असतो. बाल्टिमोर शहरातल्या पाहणीचे निष्कर्ष १९९५ मध्ये आले. ही वजाबाकी सगळ्यात कमी असलेल्या गटात काचबिंदूचे प्रमाण सहा पट आढळले. पुढे बार्बाडोस बेटावर लोकांचा नऊ वर्षे पाठपुरावा झाला, तेव्हाही ही ताकद सुरुवातीला कमी असलेल्यांना नव्याने काचबिंदू होण्याचा धोका जास्त दिसला.

दिवसा दवाखान्यात मोजलेल्या आकड्यांवरून रात्रीचा अंदाज बांधता येत नाही. झोपेत रक्तदाब उतरतोच. दिवसाच्या सरासरीपेक्षा १० ते २० टक्के उतरणे हे निरोगी शरीराचे लक्षण आहे. काही माणसांत तो २० टक्क्यांहून जास्त घसरतो, आणि सगळ्यात खोल खड्डा बहुधा मध्यरात्रीनंतर ते पहाटेच्या आधी पडतो. आडवे झाल्यावर डोळ्यातला दाब मात्र वाढतो, कारण डोक्याकडचे शिरांमधले रक्त सहज परत फिरत नाही. म्हणजे वजाबाकीतला वरचा आकडा खाली येतो आणि वजा होणारा आकडा मोठा होतो. निरोगी नस हा ताण सहन करते. तिच्या रक्तवाहिन्या स्वतःहून रुंदावून प्रवाह कायम राखतात. काचबिंदूच्या अनेक रुग्णांत हीच सांभाळून घेण्याची क्षमता कमी झालेली असते, आणि वर्षानुवर्षे रक्तदाब असलेल्यांच्या रक्तवाहिन्या वाढीव दाबाला सरावलेल्या असतात. दुसऱ्याला सोसेल तेवढी घसरण त्यांना सोसत नाही.

या रात्रीच्या घसरणीकडे वैद्यकाचे लक्ष वेधण्यात एका पंजाबी डॉक्टरचा मोठा वाटा आहे. सोहन सिंग हेरेह यांनी डोळ्याच्या नसेच्या रक्तपुरवठ्याचा अभ्यास आयुष्यभर केला. पुढे ते अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात गेले. १९९४ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नसेच्या आजारांचे रुग्ण घेऊन त्यांचा २४ तासांचा रक्तदाब नोंदवला. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी ज्यांची दृष्टी ढासळत होती, त्यांचा रात्रीचा रक्तदाब अधिक खाली जात होता. पुढच्याच वर्षी ग्रॅहम, ड्रान्स आणि सहकाऱ्यांनी काचबिंदूच्या रुग्णांत स्वतंत्रपणे तसेच काही पाहिले. ज्यांची दृष्टिक्षेत्र चाचणी बिघडत होती, त्यांचे रात्रीचे आकडे कमी होते. २०१४ मध्ये चार्लसन आणि सहकाऱ्यांनी नॉर्मल दाबाचा काचबिंदू असलेल्या ८५ रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा केला. झोपेतला सरासरी रक्तदाब दिवसाच्या सरासरीपेक्षा १० मिलिमीटरने खाली किती वेळ राहतो, यावरून दृष्टी पुढे किती बिघडेल याचा अंदाज येत होता. खड्ड्याच्या खोलीबरोबर त्याची लांबीही महत्त्वाची ठरली, म्हणजे नस तहानलेली किती तास राहिली, हे. हा अभ्यास मला सगळ्यात वजनदार वाटतो, कारण त्यात आधी रक्तदाब मोजला गेला आणि नंतर दृष्टीचे काय झाले ते पाहिले गेले.

पहिला आक्षेप गणिताचा आहे आणि तो दमदार आहे. वजाबाकीत डोळ्यातला दाब स्वतःच बसलेला आहे. तो वाढला की उत्तर आपोआप कमी होणार, आणि वाढलेला दाब काचबिंदूशी जोडलेला आहे हे आधीच माहीत आहे. मग ‘रक्तपुरवठा कमी, म्हणून काचबिंदू’ हा निष्कर्ष म्हणजे जुनीच गोष्ट नव्या नावाने सांगणे नव्हे का? लोकसंख्येच्या मोठ्या पाहण्यांच्या आकडेवारीवर अभ्यासकांनी हा प्रश्न उघडपणे विचारला आहे, आणि बाल्टिमोरच्या सहा पटीपुरता तो बऱ्याच अंशी लागू होतो. म्हणूनच माझी भिस्त त्या सहा पटीवर नाही. हेरेह, ग्रॅहम आणि चार्लसन यांच्या अभ्यासांत मुख्य सूत्र रात्रीच्या रक्तदाबाचे आहे. तिथे वजाबाकीतला घोळ शिरत नाही.

दुसरा आक्षेप याहून सूक्ष्म आहे, आणि रुग्णांना गोळ्यांची वेळ सांगणाऱ्यांनीही तो समजून घ्यायला हवा. उभे किंवा बसलेले असताना डोळा हृदयापेक्षा वीत-सव्वा वीत उंच असतो, त्यामुळे दंडावर मोजलेल्या रक्तदाबापेक्षा डोळ्याशी पोचणारा दाब सुमारे २० मिलिमीटरने कमी असतो. आडवे झाले की ही उंची नाहीशी होते. म्हणजे दंडावरचा रात्रीचा आकडा खाली गेला तरी डोळ्याला मिळणारा दाब तेवढ्याच प्रमाणात घसरत नाही. हे खरे आहे. शिवाय बाल्टिमोरचे मोजमाप दिवसाचे होते. तेव्हा ‘वजाबाकी ३० च्या खाली गेली की धोका’ हा तिथून निघालेला उंबरठा दिवसातून उचलून जसाच्या तसा झोपेवर लादता येणार नाही. पण या आक्षेपाने रात्रीची घसरण निरुपद्रवी ठरत नाही. एकाच माणसाची एक रात्र दुसऱ्या रात्रीशी, किंवा आडव्या स्थितीतल्या एका माणसाची तशाच स्थितीतल्या दुसऱ्याशी तुलना केली, तर उंचीचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच असतो. जास्त खोल घसरणाऱ्यांची दृष्टी जास्त बिघडते, हे निरीक्षण त्यामुळे कायम राहते.

आता हृदयाकडून येणारा आक्षेप. रात्रीची गोळी बंद केली आणि रुग्णाला पक्षाघात झाला तर जबाबदार कोण? हा प्रश्न विचारणाऱ्या फिजिशियनच्या काळजीबद्दल मला पूर्ण आदर आहे. रक्तदाबाची गोळी बंद करा असे या लेखात कुठेही म्हटलेले नाही, आणि काचबिंदूच्या भीतीने कोणी ती स्वतःहून सोडली तर तो फार मोठा धोका पत्करतो. वाद गोळी घेण्याबद्दल नाहीच. वाद वेळेबद्दल, मात्रेबद्दल आणि औषधाच्या निवडीबद्दल आहे. रात्रीच्या वेळेचा आग्रह मुख्यतः स्पेनमधल्या हायजिया अभ्यासातून आला. १९ हजारांहून अधिक रुग्णांच्या त्या अभ्यासात झोपताना गोळी घेणाऱ्यांना हृदयविकार आणि पक्षाघात जवळपास निम्म्याने कमी झाल्याचे २०१९ मध्ये जाहीर झाले. केवळ घड्याळ बदलून एवढा फायदा व्हावा, हे अनेक तज्ज्ञांना पटले नाही, आणि अभ्यासाच्या पद्धतीवर गंभीर प्रश्न उभे राहिले. मग २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या टाइम चाचणीचे निष्कर्ष आले. २१ हजारांहून अधिक रुग्ण, पाच वर्षांहून अधिक पाठपुरावा, सकाळ विरुद्ध संध्याकाळ. हृदयविकार, पक्षाघात किंवा रक्तवाहिन्यांच्या कारणाने मृत्यू झालेले संध्याकाळच्या गटात ३.४ टक्के आणि सकाळच्या गटात ३.७ टक्के निघाले. हा फरक योगायोगाच्या मर्यादेतला आहे. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय रक्तदाब संघटनेने झोपतानाच्या गोळीची सरसकट शिफारस करू नये अशी भूमिका घेतली. २०२४ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी तर गोळी रुग्णाला सोयीच्या वेळी घ्यावी, एवढेच म्हटले. याचा अर्थ सरळ आहे. सर्वसाधारण रुग्णाला सकाळी गोळी दिल्याने हृदयाच्या बाबतीत गमवावे लागते असे काही दिसलेले नाही. मग ज्याची नस आधीच झिजलेली आहे, त्याच्यावर रात्रीच्या खड्ड्याचा धोका कशाच्या बदल्यात लादायचा?

इथे हमखास कॅनडातल्या बेडमेड चाचणीचा दाखला दिला जातो. त्यात झोपताना गोळी घेणाऱ्यांत नव्याने काचबिंदू झाल्याचे प्रमाण सकाळच्या गटापेक्षा जास्त आढळले नाही, तेव्हा ही भीती निराधार आहे, असे म्हणतात. दाखला खरा आहे, पण तो लावला जातो चुकीच्या माणसाला. त्या चाचणीच्या आराखड्यातच अट होती, की सहभागी रुग्णांना आधीपासून काचबिंदू नसावा. म्हणजे आपण ज्यांच्याबद्दल बोलतो आहोत, नेमके तेच रुग्ण चाचणीच्या दाराबाहेर ठेवले गेले. शाबूत नस असलेल्या माणसांत काही वर्षांत नवे निदान वाढले नाही, यावरून अर्धी गेलेली नस रात्रीची घसरण सोसेल असे सिद्ध होत नाही. उलट, चाचणी आखणाऱ्या डॉक्टरांनी काचबिंदूच्या रुग्णांना वगळले ही गोष्टच आपल्याला सावध करणारी आहे.

प्रत्यक्षात हे कसे उलगडते ते एका कल्पित, पण रोजच्या ओपीडीत शोभेल अशा उदाहरणावरून पाहू. ६८ वर्षांचा पुरुष. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू, डाव्या डोळ्यात जास्त. टिमोलोलचा थेंब सकाळी आणि रात्री. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि अम्लोडिपिन एकत्र असलेली गोळी, रात्री दहाला. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन, तेही रात्रीच. दवाखान्यात डोळ्यातला दाब १४, रक्तदाब १३२/७८. दोन्ही आकडे पाहून दोन्ही डॉक्टर समाधानी आहेत. तरीही दीड वर्षात डाव्या डोळ्याच्या लागोपाठ दृष्टिक्षेत्र चाचण्यांत मध्यबिंदूच्या जवळचा काळा डाग मोठा होत चालला आहे. इथे बहुतेक वेळा पहिली प्रतिक्रिया होते ती आणखी एक थेंब वाढवण्याची. त्याआधी करायची गोष्ट म्हणजे २४ तासांची रक्तदाब नोंद. दंडाला पट्टा बांधून दिवसा दर १५ ते ३० मिनिटांनी आणि रात्री दर अर्ध्या तासाने मोजणी होते. समजा या रुग्णाच्या अहवालात दिवसाची सरासरी १३२/७८, रात्रीची १०२/५४ आणि तीनच्या सुमाराला तळ ९२/४६ असा निघाला. खालच्या आकड्याची घसरण ३१ टक्के झाली, म्हणजे निरोगी घसरणीच्या वरच्या मर्यादेच्या दीडपट. आडव्या स्थितीत डोळ्यातला दाब १७ असेल तर तळाला वजाबाकी येते २९. वर सांगितल्याप्रमाणे या २९ ला स्वतंत्र उंबरठा समजू नये. पण एवढी घसरण, इतके तास, आणि सोबत दृष्टी बिघडत असल्याचा पुरावा, हे तिन्ही एकत्र आल्यावर डोळेझाक करता येत नाही.

आता औषधांकडे पाहू. सर्वात आधी डोळ्याचा थेंब, कारण तो ‘फक्त डोळ्याचा’ आहे या समजुतीने कोणी त्याचा हिशोब धरत नाही. टिमोलोल हे बीटा-ब्लॉकर आहे. थेंबातला बराच भाग अश्रुनलिकेतून नाकात उतरतो आणि तिथून थेट रक्तात जातो. पोटातून गेलेल्या गोळीला यकृतातून जावे लागते, थेंबाला तो अडसरही नसतो. हेरेह यांनी १९९९ मध्ये दाखवले, की बीटा-ब्लॉकरचे थेंब घालणाऱ्यांचा रात्रीचा डायस्टोलिक रक्तदाब टक्केवारीने अधिक घसरतो आणि हृदयाचे ठोके अधिक मंदावतात. त्याहून महत्त्वाचे असे, की टिमोलोल डोळ्यातले पाणी तयार होणे कमी करून दाब उतरवतो, पण झोपेत ते पाणी तयार होणे मुळातच मंदावलेले असते. त्यामुळे रात्री त्याचा दाबावर जवळजवळ काही परिणाम होत नाही, हे झोपेच्या प्रयोगशाळेतल्या मोजमापांतून स्पष्ट झाले आहे. म्हणजे रात्रीच्या टिमोलोलने डोळ्याला मिळते फार थोडे, आणि रक्तदाब मात्र खाली ओढला जातो. दोन वेळा टिमोलोलची चिठ्ठी आजही सर्रास लिहिली जाते, ही मला या सगळ्या प्रकरणातली सर्वात सहज टाळता येण्याजोगी चूक वाटते. रुग्ण मेटोप्रोलोल किंवा ॲटेनोलोलसारखी गोळीही घेत असेल तर प्रश्न आणखी वाढतो. गोळीने डोळ्यातला दाब आधीच थोडा उतरलेला असतो, थेंबाचा वाढीव फायदा घटतो, आणि ठोके मंदावण्याचा धोका मात्र वाढतो.

टिमोलोल आणि ब्रिमोनिडिन यांची थेट तुलना नॉर्मल दाबाच्या काचबिंदूत झाली आहे. २०११ च्या त्या चाचणीत डोळ्यातला दाब दोन्ही गटांत जवळपास सारखाच उतरला. तरीही टिमोलोलच्या गटात ३९ टक्के रुग्णांची दृष्टी बिघडली, ब्रिमोनिडिनच्या गटात ९ टक्क्यांची. सारखा दाब आणि एवढा फरक! याचे दोन अर्थ निघतात. एक, ब्रिमोनिडिन नसेचे स्वतंत्र रक्षण करते. दोन, टिमोलोल रात्री रक्तपुरवठा कमी करून अपाय करते. कोणता अर्थ खरा, हे त्या चाचणीतून ठरत नाही. शिवाय ब्रिमोनिडिनच्या गटातले बरेच रुग्ण डोळ्यांच्या ॲलर्जीमुळे मध्येच बाहेर पडले होते, त्यामुळे आकड्यांवर सावली आहे. पण त्याच रुग्णांच्या पुढच्या विश्लेषणात रक्तदाबाच्या गोळ्या घेणे आणि रक्तपुरवठ्याची ताकद कमी असणे या दोन्ही गोष्टी दृष्टी बिघडण्याशी जोडलेल्या निघाल्या. हे दुसऱ्या अर्थाच्या बाजूने जाते.

आपल्या ६८ वर्षांच्या रुग्णासाठी म्हणून पहिला बदल डोळ्याच्या डॉक्टरांनी करायचा. रात्रीचे टिमोलोल बंद करून त्याऐवजी लॅटानोप्रोस्टसारखा प्रोस्टाग्लँडिन गटातला थेंब द्यायचा. तो रात्रीही दाब उतरवतो आणि रक्तदाबाला हात लावत नाही. आणखी गरज पडली तर ब्रिंझोलामाइड किंवा डॉर्झोलामाइड. लॅटानोप्रोस्टच्या जोडीला ब्रिंझोलामाइड दिल्यावर रात्रीचा दाब आणखी उतरतो, टिमोलोल दिल्यावर उतरत नाही, हेही मोजलेले आहे. कोणत्याही कारणाने टिमोलोल ठेवावेच लागले तर ते फक्त सकाळी, आणि थेंब घातल्यावर डोळ्याचा नाकाकडचा कोपरा दोन-तीन मिनिटे बोटाने दाबून धरायचा, म्हणजे रक्तात कमी जाते.

दुसरा बदल फिजिशियनचा, आणि इथे ‘गोळी सकाळी घ्या’ एवढे म्हणून काम संपते असे मानणाऱ्या माझ्याच बाजूच्या लोकांना मला थांबवावेसे वाटते. अम्लोडिपिन शरीरात फार रेंगाळते. अर्धे औषध बाहेर पडायला ३० ते ५० तास लागतात. ते सकाळी घ्या किंवा रात्री, रोजच्या सेवनाने त्याची रक्तातली पातळी जवळपास सपाट झालेली असते. टेल्मिसार्टनही २४ तास टिकणारे आहे. लोसार्टन किंवा एनालाप्रिलसारख्या कमी टिकणाऱ्या औषधांत वेळ बदलल्याने रात्रीचा आलेख ठळकपणे बदलतो. या जोडगोळीत तो थोडाच बदलेल. म्हणून वेळ सकाळी नेऊन, काही आठवड्यांनी पुन्हा २४ तासांची नोंद घेऊन, खड्डा तसाच राहिला तर मात्रा कमी करण्याचा विचार फिजिशियनने करायला हवा. दिवसाचे आकडे त्याला वाव देतात का, ते त्याच अहवालात दिसते. टॅमसुलोसिनही रक्तवाहिन्या सैल करते. त्याची वेळ आणि गरज मूत्ररोगतज्ज्ञाला विचारून ठरवायची. समजा या बदलांनंतर रात्रीची सरासरी ११२/६२, तळ १०२/५४ आणि आडव्या स्थितीतला डोळ्यातला दाब १५ असा आला, तर तळाची वजाबाकी २९ वरून ३९ झाली. दिवसाची सरासरी १३५/८५ च्या आत राहिली तर हृदयाचेही काही बिघडलेले नाही. नस वाचते आहे की नाही, ते मात्र रक्तदाबाचा अहवाल सांगणार नाही. पुढच्या दीड-दोन वर्षांच्या दृष्टिक्षेत्र चाचण्याच सांगतील.

अम्लोडिपिनच्या गटाबद्दल म्हणजे कॅल्शियम चॅनल ब्लॉकरबद्दल एक वेगळा इशारा अलीकडे फिरतो आहे. ब्रिटनच्या बायोबँकमधल्या माहितीत २०२३ मध्ये या गोळ्या घेणाऱ्यांत काचबिंदूचे प्रमाण अधिक दिसले, आणि तेही डोळ्यातला दाब न वाढता. पण हा केवळ संबंध आहे. याच गटातल्या निल्वाडिपिन या औषधाने नॉर्मल दाबाच्या काचबिंदूत उलट फायदा दाखवल्याचे जपानी काम आहे. एवढ्या पुराव्यावर कोणाचे अम्लोडिपिन काढून घेणे मला योग्य वाटत नाही.

सगळ्यात कठीण आक्षेप मी शेवटी घेतो, कारण त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. रात्रीचा रक्तदाब वर आणल्याने काचबिंदू थांबतो, हे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेल्या मोठ्या चाचणीत सिद्ध झालेले नाही. घसरण आणि नसेची झीज या दोन्ही गोष्टी रक्तवाहिन्यांच्या एखाद्या तिसऱ्याच बिघाडातून येत असतील, आणि तसे असेल तर आकडा सुधारूनही नस वाचणार नाही. हे शक्य आहे. पण निर्णय घेताना दोन्ही पारड्यांत काय आहे ते पाहावे लागते. एका बाजूला गोळीची वेळ बदलणे, थेंब बदलणे, एक २४ तासांची नोंद, आणि फिजिशियनच्या देखरेखीखाली गरजेपुरती मात्रा कमी करणे. टाइम चाचणीने दाखवले, की यातल्या वेळेच्या बदलाने हृदयाचे नुकसान होत नाही. दुसऱ्या बाजूला अशी दृष्टी, जी गेल्यावर कोणत्याही औषधाने किंवा शस्त्रक्रियेने परत येत नाही. ज्याच्या मध्यबिंदूजवळ डाग सरकतो आहे, त्याला ‘चाचणी पूर्ण होईपर्यंत थांबा’ असे सांगणे मला मान्य नाही.

खर्चाचा मुद्दाही निघतो, आणि लहान गावांत २४ तासांच्या नोंदीचे यंत्र मिळत नाही ही अडचण खरी आहे. तिथे घरच्या यंत्रावर झोपण्यापूर्वी आणि जाग आल्यावर अंथरुणातच मोजलेला रक्तदाब आठवडाभर लिहून ठेवणे हा दुय्यम पर्याय आहे. तो मध्यरात्रीचा तळ पकडत नाही, तेव्हा हे आकडे चांगले आले म्हणून निर्धास्त होता येत नाही. सकाळी उठतानाच आकडा १०० च्या खाली असेल, उभे राहताना अंधारी येत असेल, तर मात्र पुढची चौकशी टाळू नये. प्रत्येक काचबिंदूच्या रुग्णाला ही नोंद हवीच असे मी म्हणत नाही. डोळ्यातला दाब ठरवलेल्या पातळीवर असूनही ज्याची दृष्टी बिघडते आहे, ज्याचा काचबिंदू नॉर्मल दाबाचा आहे, जो रात्री रक्तदाबाची गोळी घेतो, त्याला ती हवी. यातले दोन मुद्दे जुळले तरी मी आग्रह धरीन.

माझ्या युक्तिवादाला एक मर्यादा आहे. मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार किंवा झोपेत श्वास अडकण्याचा विकार असलेल्या अनेकांचा रक्तदाब रात्री उतरतच नाही, कधी दिवसापेक्षा चढतो. अशा माणसाला पक्षाघाताचा धोका खरोखर मोठा असतो, आणि त्याच्या फिजिशियनने रात्रीची गोळी विचारपूर्वक दिलेली असू शकते. त्याला काचबिंदू आहे एवढ्यावरून ती सकाळी नेणे ही उलट्या दिशेची तीच चूक ठरेल. तो कोणत्या गटात मोडतो, ते २४ तासांच्या नोंदीवरूनच कळते. रात्रीची गोळी ठेवणे भाग असेल, तर वजाबाकीतला वरचा आकडा डोळ्याच्या डॉक्टरांच्या हातात राहत नाही, खालचा राहतो. डोळ्यातला दाब रात्रीही काम करणाऱ्या थेंबांनी आणखी खाली न्यायचा, श्वास अडकण्याच्या विकारावर स्वतंत्र उपचार करायचे, आणि तरीही डाग पसरत असेल तर शस्त्रक्रिया पुढे न ढकलता दाब दहा-बाराच्या आसपास आणायचा. त्यासाठी फिजिशियनच्या चिठ्ठीवरची औषधे त्यांच्या वेळांसकट नेत्रतज्ज्ञाला दिसली पाहिजेत, आणि डोळ्याचे थेंब फिजिशियनला.